‘हा हीटर खास तेलाने अचूक भरा’: एका यंत्रभाषांतरित सुरक्षा-पानाचं प्रकरण

मावशीने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, “अगं, हीटरमध्ये तेल कुठलं घालायचं गं? कागदावर नुसतं ‘खास तेल’ लिहिलंय. किती घालायचं तेही नाही.”

हीटर परदेशी बनावटीचा होता. उभ्या पोकळ पत्र्यांची रांग, आत तेल, खाली चाकं, एका टोकाला दोन गोल बटणं. ऑइल हीटर म्हणून जो सगळीकडे ओळखला जातो तोच. डब्यात मूळ पुस्तिका नव्हती. आयात करणाऱ्याने एक सुटी घडी टाकली होती आणि तिच्यावर मराठीत अकरा सूचना होत्या. मी यंत्रांच्या पुस्तिकांची भाषांतरं करते, म्हणून घरातली असली कोडी माझ्याकडे येतात. मी तिला म्हटलं, “मावशी, काहीही घालू नकोस. आधी मला त्या कागदाचा फोटो पाठव, आणि मी सांगेपर्यंत प्लग काढून ठेव.”

फोटो आला. पहिली सूचना अशी होती: “हा हीटर विशेष तेलाच्या अचूक प्रमाणाने भरा. तेलाचा कंटेनर उघडणे आवश्यक असलेली दुरुस्ती केवळ निर्माता किंवा त्याच्या सेवा एजंटने केली जावी, तेल गळती असल्यास संपर्क साधावा.”

ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचली की खटकतात. पहिलं म्हणतं तेल भर, दुसरं म्हणतं तेलाची टाकी उघडायची असेल तर ती निर्मात्यानेच उघडावी. भरायचं तर उघडावं लागणार, आणि उघडायचं तर तुला परवानगी नाही. एकाच परिच्छेदातली दोन वाक्यं अशी भांडायला लागली की त्यातलं एक भाषांतरात बिघडलंय असं धरून चालावं. कुठलं बिघडलं हे ठरवायला मी एक साधी कसोटी लावते. वापरणाऱ्याने खरोखर काही करायचं असेल, तर निर्माता त्यासोबत करण्याचं साहित्य देतो: किती, कशातून, कुठल्या खुणेपर्यंत, किती दिवसांनी. इथे तेलाचं नाव नाही, लिटर नाहीत, झाकणाचा उल्लेख नाही. म्हणजे ‘भरा’ ही आज्ञा नव्हे.

मग मूळ वाक्य काय असेल? इथे एक गोष्ट माहीत असली की काम फार सोपं होतं. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षा-सूचना निर्माते सहसा स्वतःच्या मनाने लिहीत नाहीत. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचं, म्हणजे आयईसीचं, 60335 नावाचं मानक आहे. त्याचा पहिला भाग सगळ्या घरगुती उपकरणांना लागू होतो आणि दुसऱ्या भागात उपकरणागणिक वेगळी प्रकरणं आहेत. खोली गरम करणाऱ्या हीटरचं प्रकरण 2-30. पुस्तिकेत कोणत्या अर्थाची सूचना असलीच पाहिजे हे त्यात लिहिलेलं असतं, आणि बहुतेक निर्माते ते शब्द जसेच्या तसे उचलतात. त्यामुळे दोन वेगळ्या देशांत बनलेल्या दोन हीटरच्या पुस्तिकांत तीच वाक्यं भेटतात. यंत्राने त्यांचं काहीही केलं असलं तरी मागे उभं असलेलं वाक्य ओळखीचं असतं.

तेलाचं मानकातलं वाक्य इंग्रजीत असं सुरू होतं: ‘धिस हीटर इज फिल्ड विथ अ प्रिसाइज क्वांटिटी ऑफ स्पेशल ऑइल’. म्हणजे या हीटरमध्ये खास तेल ठरावीक मापाने भरलेलं आहे. ‘भरलेलं आहे’ ही माहिती होती, यंत्राने तिची ‘भरा’ अशी आज्ञा केली. सगळीकडे ‘करा’, ‘करू नका’ असलेल्या पानावर एखादं साधं विधान आलं की तेही आज्ञेच्या सुरात ओढलं जातं, आणि वाचणाऱ्यालाही त्यात वावगं वाटत नाही, कारण तोही आज्ञांचीच वाट पाहत असतो.

ही चूक किती महागात पडली असती ते सांगायला हवं. या हीटरमधलं तेल जळत नाही, खर्चही होत नाही. ते फक्त उष्णता धरून ठेवतं आणि पत्र्यांत फिरवतं. गरम झालं की ते फुगतं, आणि त्या फुगण्यासाठी टाकीत मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. ‘अचूक प्रमाण’ म्हणतात ते यासाठी. कोणी वरून आणखी तेल घातलं तर ती जागा संपते, दाब वाढतो आणि जोडावर गळती सुरू होते. त्यातही तेल स्वयंपाकघरातलं असेल तर ते त्या तापमानाला टिकेल याची काही खात्री नाही. मी मावशीला हीटरभोवती हात फिरवून बघायला सांगितलं. झाकण नाही, भोक नाही, सगळीकडे जोडलेला पत्रा. वस्तूनेच साक्ष दिली, आणि त्या प्रश्नावर मी तिथेच पडदा टाकला.

पण तोवर माझी काळजी वाढली होती. पहिलीच सूचना अशी निघाली तर उरलेल्या दहांचं काय? मी संध्याकाळी मावशीकडे गेले आणि तिघं मिळून, म्हणजे मी, मावशी आणि काका, तो कागद ओळीओळीने वाचायला बसलो. काकांनी आधीच हीटर लावून पाहिला होता.

हीटर जमिनीवर होता, भिंतीला टेकवून, आणि बरोबर वर सॉकेट. मी विचारलं, “काका, इथे का ठेवलात?” त्यांनी कागदावरची ओळ दाखवली: “हीटर सॉकेट आउटलेटच्या खाली ताबडतोब ठेवू नये.” काका म्हणाले, “म्हणून आधी तास दीड तास तिकडे ठेवला. मग इथे आणला.”

काकांनी सूचना पाळली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकला होता तो एक शब्द. मूळ वाक्यात इंग्रजी ‘इमिजिएटली बिलो’ असतं. इंग्रजीत हा शब्द वेळेसाठीही चालतो आणि जागेसाठीही: लगेच, आणि लगतच. मराठीत आपण हे दोन वेगळे ठेवतो. यंत्राने वेळेचा अर्थ उचलला आणि ‘थेट खाली ठेवू नये’ याचं ‘ताबडतोब ठेवू नये’ झालं. सूचनेचं कारण आठवलं तर शंका राहत नाही. हीटरवरून तापलेली हवा सरळ वर चढते. वर सॉकेट असेल तर ते आणि त्यातला प्लग सतत भाजत राहतात, वायरचं आवरण कडक होतं, आणि आधीच जड विजेचा भार वाहणाऱ्या जोडावर आणखी उष्णता चढते. मावशीच्या हीटरच्या पट्टीवर 2000 वॅट लिहिलं होतं. 230 व्होल्टवर ते जवळपास 8.7 अँपिअर होतात. एवढा प्रवाह वाहत असताना प्लगची पकड जराशी जरी सैल असेल, तरी तो स्वतःच गरम होतो. त्याला खालून आणखी शेक कोणी देऊ नये.

हाच शब्द पुढच्या ओळीतही सापडला: “आंघोळ, शॉवर किंवा जलतरण तलावाच्या तात्काळ परिसरात हा हीटर वापरू नका.” इथे मात्र वाचणाऱ्याला अर्थ लागतो, कारण ‘तात्काळ परिसर’ याचा दुसरा काही अर्थच होत नाही. एकाच इंग्रजी शब्दाने दोन ठिकाणी दोन मराठी रूपं घेतली आणि त्यातलं एक घातक ठरलं. पानावर ‘ताबडतोब’, ‘तात्काळ’, ‘लगेच’ दिसले की मी पहिल्यांदा तिथे ‘अगदी लगत’ बसवून बघते. बसलं आणि कारणही जुळलं, तर मूळ तेच.

काकांनी तेवढ्यात मोबाइलवर एक उद्योग केला. ती मराठी ओळ भाषांतराच्या अ‍ॅपमधून परत इंग्रजीत नेली आणि मला दाखवली. “हे बघ, वाक्य तर अगदी बरोबर येतंय.” ते खरंच बरोबर येत होतं, आणि त्यामुळेच या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. ‘ताबडतोब’ परत इंग्रजीत गेला की पुन्हा ‘इमिजिएटली’ होतो, आणि इंग्रजी वाचणारा त्याचा जागेचा अर्थ लावतो. दोन अर्थांचा शब्द जाताना एका अर्थाचा झाला आणि येताना पुन्हा दोन अर्थांचा झाला. मधला बिघाड दिसेनासा झाला. उलट भाषांतराने मूळ शब्द कोणता होता याचा माग लागतो, त्या कामाला ते उपयोगी आहे. मराठी ओळ बरोबर आहे की नाही, हे त्याने कळत नाही.

यातून आणखी एक अंदाज बांधता आला: हा कागद इंग्रजीवरून केलेला असावा. यंत्र कुठल्याही देशात बनलेलं असो, ‘लगतच’चं ‘ताबडतोब’ झालं की मध्ये बहुधा इंग्रजी असते. म्हणून पुढच्या प्रत्येक विचित्र शब्दाखाली इंग्रजी शब्द शोधायचा हे पक्कं झालं.

पुढची ओळ: “हे उपकरण जमिनीवर असणे आवश्यक आहे.”

काका म्हणाले, “आहे की जमिनीवर.” हीटर टेबलावर नव्हता, फरशीवरच होता. पण भिंतीतल्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये एक छोटा अडॅप्टर होता आणि त्यात हीटरचा तीन पिनांचा प्लग. तिसरी पिन अडॅप्टरच्या आत जाऊन तिथेच संपत होती. मी आधी प्लग काढला आणि मग समजावून सांगायला बसले.

‘ग्राउंडेड’. अमेरिकी वळणाच्या इंग्रजीत अर्थिंगला हा शब्द आहे, आणि त्याच्या पोटात ‘जमीन’ आहे. ‘हे उपकरण अर्थिंग केलेलं असलं पाहिजे’ या वाक्याचं यंत्राने ‘जमिनीवर असलं पाहिजे’ केलं. ब्रिटिश वळणाचं मूळ असतं तर कदाचित ‘पृथ्वीवर असणे आवश्यक’ असं आलं असतं, आणि मला वाटतं ते बरं झालं असतं, कारण ते वाचून माणूस थबकला तरी असता. ‘जमिनीवर’ वाचून कोणी थबकत नाही. सगळ्यात वाईट चूक तीच, जी वाचताना खटकत नाही.

यात एक गुंता होता, तो सांगायलाच हवा. थोडं खाली आणखी एक ओळ होती: “पाय जोडून सपाट जमिनीवर सरळ वापरा.” इथली जमीन खरोखरच फरशी. ऑइल हीटर उभाच आणि पाय लावूनच वापरायचा असतो. त्याची तापणारी कांडी तळाशी तेलात बुडालेली असते. हीटर आडवा झाला तर तिचा काही भाग तेलाबाहेर उघडा पडू शकतो आणि तिथे ती प्रमाणाबाहेर तापते. म्हणजे एकाच पानावर ‘जमीन’ दोनदा आली, एकदा अर्थिंग म्हणून आणि एकदा फरशी म्हणून. दोन्ही सूचना खऱ्या, दोन्ही हव्यात. एका ठिकाणी सुचलेला अर्थ सगळीकडे चिकटवला असता तर दुसरी सूचना हातची गेली असती.

कुठली कुठे, हे शेजारच्या शब्दांवरून लागतं. पहिल्या ओळीच्या आगेमागे प्लग, व्होल्टेज आणि पट्टीवरचे आकडे होते. दुसरीच्या शेजारी पाय, सपाट, सरळ. शिवाय वस्तू हातात होतीच. हीटरच्या मागच्या पट्टीवर एकात एक दोन चौकोनांचं चिन्ह शोधलं. ते असेल तर उपकरणाला दुहेरी आवरण असतं आणि अर्थिंगची गरज नसते. इथे ते नव्हतं. बाहेरचं अंग सगळं धातूचं आणि प्लग तीन पिनांचा. आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत वाहून नेणारी तिसरी तार हवीच. ती नसेल तर पत्रा जिवंत होऊन उभा राहतो आणि पहिला हात लावणाऱ्याची वाट बघतो. काकांनी काही न बोलता अडॅप्टर खिशात टाकला. दुसऱ्या खोलीत अर्थिंगचं सॉकेट होतं, हीटर तिकडे नेला.

त्या खोलीत गेल्यावर काकांना कल्पना सुचली, “टायमर लावू या. पहाटे आपोआप सुरू होईल.” मावशीने कागद पुढे केला. त्यातली सगळ्यात लांब ओळ ही होती:

“थर्मल कट-आउटच्या अनवधानाने रीसेट होण्यामुळे होणारा धोका टाळण्यासाठी, हे उपकरण टाइमरसारख्या बाह्य स्विचिंग उपकरणाद्वारे पुरवले जाऊ नये, किंवा युटिलिटीद्वारे नियमितपणे चालू आणि बंद केलेल्या सर्किटशी जोडलेले.”

मावशी म्हणाली, “म्हणजे कंपनीने सोबत टायमर देऊ नये, एवढंच ना? आपण आपला लावला तर?” ‘पुरवले जाऊ नये’ याचा मराठीत दुसरा काय अर्थ होणार! मुळात ‘सप्लाइड’ म्हणजे वीज पुरवलेलं. हीटरला वीज टायमरमधून देऊ नये, असं ते वाक्य आहे. डब्यात टायमर होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही.

पण माझं लक्ष वाक्याच्या शेपटाकडे होतं. “...किंवा सर्किटशी जोडलेले.” जोडलेलं असावं की नसावं? वाक्य अधांतरी सुटतं, आणि घाईत वाचणारा ‘जोडलेले असावे’ असं पूर्ण करून घेतो. हे का होतं ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत नकार आधी येतो. ‘मस्ट नॉट’ एकदा म्हटलं की त्याच्या पुढे ‘ऑर’ने जोडलेली सगळी क्रियापदं त्या नकाराखाली येतात. मराठीत नकार क्रियापदाला चिकटून वाक्याच्या शेवटी येतो: देऊ नये, जोडू नये. यंत्राने पहिल्या क्रियापदाला ‘नये’ दिलं, आणि ‘किंवा’पलीकडचं दुसरं क्रियापद नकाराविना राहिलं. म्हणून यंत्रभाषांतरित सूचनेत ‘नये’ किंवा ‘नका’नंतर ‘किंवा’ दिसला, की पुढच्या भागालाही तोच नकार लावून वाचावं. माझ्या कामात मला हे इतक्यांदा भेटलं आहे की मी आता ‘किंवा’पाशी पेन्सिलीने थांबतेच.

तो नकार लावला की वाक्य असं उभं राहतं: या हीटरला टायमरसारख्या बाहेरच्या स्विचमधून वीज देऊ नका, आणि वीजपुरवठादार जे सर्किट ठरावीक वेळांना चालू-बंद करतो त्यालाही तो जोडू नका. कारण वाक्यातच दडलंय. काही हीटरमध्ये फार तापलं की वीज तोडणारा कट-आउट असा असतो की तो आपोआप परत जुळत नाही, पण मुख्य वीज बंद केली की जुळतो. त्याच्यामागे विचार असा की माणूस प्लग काढेल, हीटर का तापला ते बघेल, वर पडलेला टॉवेल काढेल, मग पुन्हा लावेल. टायमर हे काही बघत नाही. तो वीज बंद करतो, कट-आउट जुळतो, ठरल्या वेळी टायमर वीज देतो आणि तोच टॉवेल अंगावर घेऊन हीटर पुन्हा तापू लागतो. मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लगही यातच आला. हीटरच्या मानकात टायमरविषयी आणखी एक स्वतंत्र सूचना आहे आणि तिथे कारण उघड सांगितलेलं आहे: हीटर झाकलेला किंवा चुकीच्या जागी असताना आपोआप सुरू झाला तर आग लागू शकते. काकांची पहाटेची कल्पना तिथेच थांबली.

मुलांबद्दलची ओळ वाचून मावशी हसली आणि मग गंभीर झाली, कारण तिची नात साडेचार वर्षांची आहे. ओळ होती: “फक्त 3 वर्षे ते 8 वर्षांपेक्षा कमी वयाच्या मुलांनी उपकरण चालू/बंद करावे, जर ते त्याच्या सामान्य कार्य स्थितीत ठेवले असेल आणि त्यांना देखरेख किंवा सूचना दिल्या असतील.”

कुठलाही निर्माता हीटरचं बटण फक्त लहान मुलांसाठी राखून ठेवणार नाही, एवढं तर उघड आहे. म्हणजे ‘फक्त’ जागा चुकलंय. मराठीत ‘फक्त’ ज्या शब्दाच्या आधी येतं त्याला पकडतं. इंग्रजीत ‘ओन्ली’ क्रियापदापाशी उभं राहतं, पण पकडतं पुढच्या अटीला. ते सोडून अटीपाशी नेलं की अर्थ येतो: तीन ते आठच्या आतलं मूल हीटर चालू-बंद करू शकतं, पण हीटर त्याच्या नेहमीच्या जागी नीट ठेवलेला असेल आणि मुलावर लक्ष असेल किंवा त्याला धोका समजावून सांगितलेला असेल, तरच. लगेच पुढे “या वयाच्या मुलांनी प्लग लावू नये, नियमन करू नये, साफ करू नये” असं होतं, त्याने हा अर्थ पक्का केला. बटण दाबण्यापलीकडे मुलाने काहीच करायचं नाही. आणि तीनच्या आतल्या मुलाला, सतत लक्ष नसेल तर, हीटरपासून दूरच ठेवायचं, अशी त्याआधीची ओळ होती. ती नीट उतरली होती.

वायर खराब झाली तर काय, पाण्याजवळ नको, भाग फार गरम होतात वगैरे ओळी ओबडधोबड होत्या, पण त्यांचा अर्थ निसटला नव्हता. ‘पुरवठा दोर’ म्हणजे वायर, हे काकांनी आपणहून ओळखलं.

मग आली ती ओळ जिच्यापुढे मी अडले: “हीटर पडल्यानंतर वापर थांबा.”

‘थांबा’ म्हणजे काय? वापर थांबवा, की वापरायच्या आधी थांबा? मूळ ‘स्टॉप’ असेल तर पडलेला हीटर पुन्हा वापरायचाच नाही, निदान तपासून घेईपर्यंत. मूळ ‘वेट’ असेल तर पडला की उभा करा, तेल जागेवर बसू द्या, मग वापरा. तेलाचं वागणं लक्षात घेतलं तर दुसराही अर्थ अगदी पटण्यासारखा आहे. शेजारच्या ओळींनी मदत केली नाही. वर साफसफाई होती, खाली साठवण. वस्तूवर काही चिन्ह नव्हतं. पडलेला हीटर वापरू नये असं सांगणाऱ्या पुस्तिका मी पाहिल्या आहेत, पण या कागदावरची ओळ त्या साच्यातली नव्हती. निर्मात्याने आपली म्हणून घातलेली असावी.

इथे अंदाज करायचा नाही, हे मी स्वतःला बजावते. तेलाच्या ओळीत एक अर्थ टिकत नव्हता म्हणून दुसरा घेता आला. इथे दोन्ही टिकतात आणि दोन्ही वेगळ्या कृतीकडे नेतात. अशा वेळी कुठला अर्थ जास्त शक्य वाटतो यापेक्षा कुठल्या कृतीने दोन्ही अर्थ पाळले जातात, ते मी बघते. थांबून मग वापरला आणि मूळ ‘वापरू नका’ असेल, तर धोका. वापरलाच नाही आणि मूळ ‘थोडं थांबा’ असेल, तर फार तर एक रात्र थंडीत गेली. म्हणून मावशीसाठी मी असं लिहिलं: हीटर पडला तर आधी भिंतीवरचं बटण बंद कर, प्लग काढ, गार झाल्यावर उभा कर, खाली तेलाचा डाग आहे का बघ, आणि कारागिराने तपासेपर्यंत लावू नकोस.

आकड्यांचंही तसंच. “आजूबाजूला 50 मोकळे ठेवा” अशी एक ओळ होती, एकक गळलेलं. सेंटिमीटर असणार असं वाटतं, कारण पन्नास मिलिमीटर फारच कमी आणि पन्नास इंच बहुतेक खोल्यांत अवघड. पण दुसऱ्या कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा इथे आणून बसवायचा नाही. मानकातली वाक्यं सगळ्यांची एक असतात, अंतरं प्रत्येक हीटरच्या आकारावर आणि ताकदीवर ठरतात. आम्ही खोलीत जागा होती तेवढी, म्हणजे मीटरभर, सोडली. इंच धरले तरच ते कमी पडतं. एरवी पुरतं.

आयात करणाऱ्याला मी दोन प्रश्न लिहून पाठवले: पन्नास काय, आणि पडल्यानंतर नेमकं काय. सोबत मूळ भाषेतली पुस्तिका मागितली. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात तोच मराठी कागद होता, जास्त स्वच्छ स्कॅन केलेला. मी पुन्हा लिहिलं आहे, आणि यावेळी पट्टीवरचा मॉडेल क्रमांक आणि तेलाच्या ओळीचा फोटो जोडला आहे. ‘हा हीटर तेलाने भरा’ हे इतर घरांतही गेलंय, आणि त्या प्रत्येक घरात विचारायला कोणी असेलच असं नाही. ती एक ओळ त्यांनी आजच बदलायला हवी.

निघताना मावशी म्हणाली, “एक राहिलंच. याच्यासोबतचं कव्हर आलंच नाही. मी तक्रार केली आहे.” मी विचारलं, “कुठलं कव्हर?” तिने हीटरच्या वरच्या कडेवरचं चिकटपत्र दाखवलं. त्यावर मराठीत दोन शब्द होते: “कव्हर नाही”. शेजारी लहानसं चित्र होतं, हीटरवर लोंबणारं कापड आणि त्यावर मारलेली काट.

दोन शब्दांची लेबलं यंत्राला सगळ्यात अवघड जातात, कारण आजूबाजूला वाक्य नसतं. ‘डू नॉट कव्हर’मधलं कव्हर हे क्रियापद आहे: झाकू नका. या हीटरवरची सगळ्यात महत्त्वाची सूचना तीच, म्हणून तर ती नुसती कागदावर न ठेवता अंगावरही चिकटवलेली असते. चित्र बघितलं असतं तर मावशीलाही कळलं असतं. पण मराठी शब्द समोर असताना चित्राकडे कोण बघतं?

मी बॅगेतला मार्कर काढला, ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, “यावर काहीही टाकू नका, ओला टॉवेलसुद्धा नाही.” मावशीने चष्मा लावून ते वाचलं, मग फोन घेतला आणि कव्हरची तक्रार मागे घेतली.